मोजल्याशिवाय उघडू नका
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघं नवराबायको रत्नागिरी जिल्ह्यातल्या अलोऱ्याहून आलो. चिपळूण तालुक्यातलं, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं हे गाव. कोयनेच्या विजेचं पोफळीचं भुयारी वीजघर आमच्या शेजारचं आणि कोळकेवाडीचं धरणही जवळच. प्रकल्पाची मोठी वसाहत आमच्याकडे वसली, काम संपत गेलं तशी ती ओस पडत गेली. वसाहतीच्या जिवावर चालणारी दुकानं बसली. आमचंही छोटं दुकान बसलं. राहिली ती भाताची चार खाचरं.

तुमची कापूस-ज्वारीची कोरडवाहू शेती आणि आमची पावसात कुजणारी भातशेती, तसं पाहिलं तर यांचं काही जुळत नाही. पण तुमच्या मंडळींनी बोलावलं ते शेतीवर बोलायला नाही. महिनाभराचं शिक्षण घेऊन घरातल्या घरात मोबाईल दुरुस्तीचं टेबल कसं मांडलं, त्यात किती सुटतं आणि कुठे बुडतं, तेवढं सांगा असा निरोप होता. तेवढंच सांगतो. दोघांचं काम आहे म्हणून बोलतानाही 'आम्ही' म्हणतो. पिना आणि पट्ट्या जोडायचं बारीक काम घरचीच जास्त करते, बोलायचं मात्र आमच्या गळ्यात पडलं आहे.

सुरुवात कालच्या रात्रीपासून करू. काल ज्या घरी उतरलो, तिथल्या दादांचा फोन चार दिवस बंद होता. चार्जिंगच होत नाही. बाजाराच्या गावी दाखवला तर बोर्ड गेला, अडीच हजार लागतील असं सांगितलं होतं. आम्ही पिशवीतून एक छोटा मीटर काढला. चार्जर आणि वायर यांच्या मध्ये तो लावायचा. किती व्होल्टने वीज येते आणि फोन किती अँपिअर ओढतो, हे दोन आकडे तो दाखवतो. साडेतीनशे रुपयांची वस्तू आहे. आधी त्याच चार्जरला आमचा चांगला फोन लावून बघितला. नीट वीज ओढली. म्हणजे चार्जर, वायर दोन्ही ठीक. मग दादांचा फोन लावला. व्होल्ट पाच, अँपिअर शून्य. म्हणजे वीज दारापर्यंत येते आहे, पण फोन ती घेत नाही.

आता इथेच माणसाची परीक्षा असते. शून्य दिसलं की हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. आम्ही बॅटरी हातात घेतली. बॅटरी म्हणजे उजेडाची. चार्जिंगच्या भोकात उजेड मारला तर आत करडं काहीतरी घट्ट बसलेलं. फोन बंदच होता. लाकडी दातकोरणं चाकूने आणखी बारीक केलं आणि हलक्या हाताने कडेकडेने उकरलं. काय निघालं असेल? कापूस! हरभऱ्याच्या डाळीएवढा बोळा. वेचणीच्या दिवसांत फोन कमरेला किंवा खिशात असतो. तंतू भोकात जातो, वर घाम, वर धूळ, आणि दर वेळी वायर खुपसली की तो आणखी ठासला जातो. शेवटी वायर पूर्ण आत बसतच नाही. बाहेरून बसल्यासारखी वाटते, आत टेकत नाही.

ब्रशाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भोक साफ केलं, वाळू दिलं, पुन्हा मीटर लावला. या वेळी काटा हलला, पण जेमतेम ०.१५ अँपिअर. दादा म्हणाले, बघा, गेलाच आहे. आम्ही म्हटलं, जेवून घेऊ. अर्ध्या तासाने बघितलं तर १.३ अँपिअर, आणि पडद्यावर बॅटरीचं चित्र. चार दिवस उपाशी माणसाला आधी पेज देतात, एकदम भाकरी देत नाहीत. पार उतरलेल्या बॅटरीचंही तसंच असतं. तिला चार्जिंगचा आय.सी. आधी थेंबथेंब वीज देतो, ती एका पातळीवर आली की मग पूर्ण सोडतो. हे माहीत नसलेला माणूस ०.१५ बघून फोन फोडतो. अडीच हजारांचा रोग दातकोरण्याने गेला. सुई मात्र कधी घालू नका. आजकालच्या टाइप-सी भोकात मध्ये एक नाजूक जीभ असते, सुईने ती मोडते आणि मग खरोखरच खर्च येतो.

आमच्या सगळ्या बोलण्याचं सार या एका गोष्टीत आहे. फोनला नाडी असते, आणि ती म्हणजे तो किती वीज ओढतो. आधी मोजायचं, मग विचार करायचा, आणि उघडायचं सगळ्यात शेवटी. शून्य असेल तर रस्ता तुटला आहे : वायर, भोक, नाहीतर आतली पट्टी. अगदी थोडं ओढत असेल आणि अर्ध्या तासानेही तेवढंच राहिलं, तर बॅटरी मेली आहे किंवा आत कुठेतरी गळती आहे. एक-दीड अँपिअर ओढून चार्ज होतो, पण दुपारपर्यंत उतरतो, तर बॅटरी म्हातारी झाली आहे. या तीन ओळी समजल्या तर 'चार्ज होत नाही' म्हणून येणाऱ्या बहुतेक फोनांचं निदान झाकण न काढता होतं.

आता शिक्षणाचं सांगतो. बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात बँकेने चालवलेली ग्रामीण स्वरोजगार प्रशिक्षण संस्था असते. १९८२ साली कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे इथे दोन बँका आणि तिथलं देवस्थान यांनी मिळून अशी पहिली संस्था काढली. पुढे २००९ पासून केंद्राच्या ग्रामविकास खात्याने तोच नमुना जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. रत्नागिरीची संस्था बँक ऑफ इंडियाची आहे. मोबाईल दुरुस्तीचा वर्ग साधारण महिनाभराचा असतो. फी नाही, राहणं-जेवण तिथेच. आमच्या गावापासून रत्नागिरी शंभरेक किलोमीटर, रोज जाऊन-येऊन जमलंच नसतं. २०२० च्या जानेवारीत आम्ही तो वर्ग केला. पुरेशी नावं जमल्याशिवाय वर्ग भरत नाही, तेव्हा आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं. तुम्ही वेचणी आणि ज्वारीची काढणी उरकून, मृगाच्या आधीचा वर्ग मिळतो का ते बघा. पेरणीच्या तोंडावर महिनाभर घर सोडता येत नाही.

महिन्यात काय येतं आणि काय येत नाही, हे स्पष्ट सांगतो. मल्टिमीटर धरायला येतो. फोन उघडायचा क्रम, कुठला स्क्रू लांब आणि कुठला आखूड, पट्टी कशी सोडवायची, पडदा आणि बॅटरी कशी बदलायची, हे येतं. साधं सोल्डरिंग येतं. हॉट एअरच्या गरम वाऱ्याने सुटा भाग काढणं-बसवणं तोंडओळखीपुरतं येतं. बोर्डावरचा रोग शोधणं महिन्यात येत नाही. ते वर्ष-दोन वर्षांच्या हाताने येतं. आणखी एक अडचण अशी की वर्गात सगळे मिळून त्याच पाच-सहा मेलेल्या बोर्डांवर हात चालवतात. म्हणून जाताना गावातून आठ-दहा भंगार फोन गोळा करून न्या. प्रत्येक घराच्या फडताळात एखादा पडलेला असतो. आमच्या बरोबर असे फोन होते म्हणून रात्री खोलीवर आम्ही ते खोलत-जोडत बसायचो. निम्मं शिक्षण त्यातच झालं.

परत आलो आणि दोनेक महिन्यांत देश बंद झाला. बाजार बंद आणि शाळा फोनवर. एका घरात एक फोन, तोही पडलेला. त्या दिवसांत आमचं टेबल चाललं, पण त्याला धंदा म्हणता येणार नाही. ती वेळच तशी होती. चुकाही त्याच दिवसांत केल्या.

सगळ्यात मोठी चूक सांगतो, म्हणजे तुम्हाला ती करावी लागणार नाही. एका फोनची बॅटरी फुगली होती. खाली डिंक घट्ट, निघेना. आम्ही पोलादी पातं घातलं आणि जोर लावला. पात्याचं टोक बॅटरीत गेलं. आधी फुस्स आवाज, मग गोडसर घाण वास, मग पांढरा धूर आणि ज्वाला. नशिबाने खिडकी शेजारी होती, चिमट्याने उचलून अंगणात फेकली. टेबलाची फळी जळाली ती आम्ही मुद्दाम बदललेली नाही, रोज दिसावी म्हणून. तेव्हापासूनचा नियम असा : फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, धातूने उचकायची नाही. कडेने अल्कोहोलचे थेंब सोडून डिंक मऊ होऊ द्यायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने किंवा दोऱ्याने हळूहळू सोडवायची. अल्कोहोल स्वतः पेट घेतं, तेव्हा जवळ गरम काही नको. टेबलाजवळ कोरड्या वाळूची बादली हवीच. काढलेल्या जुन्या बॅटऱ्या पत्र्याच्या डब्यात वाळूत, घराबाहेर.

आणि आता जे सांगतो ते फक्त तुमच्यासाठी. आमच्याकडे कापूस नाही. तुमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरात असतो, खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. त्या घरात, त्या खोलीत, त्या खोलीच्या दारातसुद्धा हे टेबल मांडू नका. साडेतीनशे अंशांची सोल्डरिंगची सळई, गरम वाऱ्याची नळी आणि कधी भडकेल ते सांगता येत नाही अशी बॅटरी, हे सगळं कापसाच्या शेजारी ठेवणं म्हणजे वर्षाच्या पिकाला स्वतःच्या हाताने काडी लावणं. पडवी, गोठ्याची रिकामी बाजू, रस्त्याकडची ओसरी, कुठेही चालेल. कापूस घरात आहे तोवर टेबल घराबाहेर.

तुमच्या आमच्या हवेतला आणखी एक फरक आहे. आमच्याकडे दमट हवा, बोर्डाला बुरशी येते, तांबं हिरवं पडतं. तुमच्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट आवाज होतो. ती ठिणगी माणसाला कळते तेवढीच, पण फोनमधल्या बारीक आय.सी.ला ती मारते. तो लगेच मरतो असंही नाही. महिन्याने मरतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्याकडून नेल्यापासून बिघडला. म्हणून टेबलावर रबरी मॅट आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा. पट्टा खऱ्या अर्थिंगला जोडलेला असावा. घराची अर्थिंग वायर फलकात लोंबकळते आहे आणि जमिनीत पट्टीच पुरलेली नाही, असं निम्म्या घरांत दिसतं. वायरमनकडून ते आधी तपासून घ्या.

आता एक अवघड फोन सांगतो, म्हणजे हाताची हद्द कुठे आहे ते कळेल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूण बुडालं. आमचं अलोरे वरच्या अंगाला, ते वाचलं. पण चिपळुणात आमची नातीगोती. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढलेले अकरा फोन आमच्याकडे आले. त्यातले चार उठले. सातांपैकी बहुतेकांच्या मालकांनी एकच गोष्ट केली होती. चालतो का बघू म्हणून चार्जिंगला लावला होता. नुसत्या पाण्याने फोन लगेच मरत नाही. पाण्यात वीज सोडली की मरतो. गढूळ पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज वाहते आणि तांब्याच्या केसासारख्या रेषा काही तासांत खाऊन टाकते. तुमच्या विहिरीत पडलेला, फवारणीच्या पंपाखाली भिजलेला फोन असो, नियम तोच. चालू करायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही, तांदळात पुरून ठेवायचा नाही. तांदूळ आतला चिखल आणि क्षार काढत नाही, फक्त दोन दिवस वाया घालवतो. तसाच उचलून लवकर टेबलावर आणायचा.

उठलेल्या चारांतला एक फोन एका भाचीचा. त्यात तिच्या वडलांचे शेवटचे फोटो होते. पूर गेल्यावर चौथ्या दिवशी आला. चार्जिंगला लावलेला नव्हता, हे आधी विचारून घेतलं. उघडला, पहिल्यांदा बॅटरीची पट्टी सोडवली. पत्र्याच्या झाकणांखाली बारीक चिखल होता. बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रशाने धुतला, वाळवला, पुन्हा धुतला. मग डी.सी. सप्लाय घेतला. हे यंत्र बॅटरीच्या जागी आपल्याला हवी तेवढी वीज देतं आणि फोन किती ओढतो ते दाखवतं. चार व्होल्ट ठेवले आणि एक अँपिअरच्या वर जाऊ द्यायचं नाही अशी मर्यादा लावली. बटण दाबलेलं नसताना चांगल्या बोर्डाने जवळजवळ काहीच ओढायला नको. याने लावल्याबरोबर पूर्ण एक अँपिअर ओढला आणि व्होल्ट शून्याकडे आले. म्हणजे शॉर्ट. कुठेतरी वीज सरळ जमिनीला मिळते आहे.

बोर्डावर शेकडो भाग. त्यातला कुठला? शॉर्ट झालेल्या भागातून वीज धावते म्हणून तो तापतो. सप्लाय एक व्होल्टवर आणला, बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर दिला आणि भिंगातून बघत राहिलो. सगळीकडे ओल असताना एका जागी ती आधी उडाली. चार्जिंगच्या आय.सी.जवळचा तिळाच्या चौथाईएवढा कपॅसिटर. सप्लाय काढून मल्टिमीटर लावला तर त्याची दोन्ही टोकं जमिनीशी बोलत होती, म्हणजे दोन्हीकडे बीप वाजत होता. चांगल्या कपॅसिटरचं एकच टोक जमिनीला असतं. गरम वाऱ्याने तो काढला. पुन्हा सप्लाय लावला, काटा शून्यावर. बटण दाबलं, काटा चढला, पडला, पुन्हा चढला. फोन जागा होताना काटा असाच नाचतो. त्या नाचात आमची सगळी मजुरी मिळाली. असे कपॅसिटर विजेतली खरखर गाळायला एकाच रेषेवर अनेक लावलेले असतात, त्यातला एक गेला तरी बरेचदा भागतं. पण सगळेच तसे नसतात, नकाशा बघूनच ठरवावं लागतं.

भाचीला त्याच क्षणी सांगितलं, आधी फोटो दुसरीकडे घे, या फोनचा भरवसा नाही. दोन महिन्यांनी पडदा गेलाच. भिजलेला फोन दुरुस्त झाला असं आम्ही कुणाला सांगत नाही. आतला माल काढण्यापुरता जागा झाला, एवढंच सांगतो. पहिल्या वर्षी असं काम हातात घेऊ नका. तो वरच्या दुकानात पाठवा. न येणारं काम परत करणाऱ्याचं नाव राहतं. जे येतं ते सांगतो : भोक साफ करणं, बॅटरी बदलणं, पडदा बदलणं, आणि बऱ्याच फोनांत चार्जिंगची पिन एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असते, तो बोर्ड बदलणं. यात सोल्डरिंगही लागत नाही. ज्या फोनची पिन मुख्य बोर्डालाच जोडलेली आहे, तो सध्या दुसऱ्याला द्या.

आता हिशेब. आम्ही हत्यारं एकदम घेतली नाहीत. आधी मल्टिमीटर, यू.एस.बी. मीटर, स्क्रू ड्रायव्हर-चिमटे आणि अल्कोहोल-ब्रश मिळून २,३०० रुपये. एवढ्यावर सहा महिने काढले. मग मिळालेल्या पैशातून डी.सी. सप्लाय ३,२०० ला, हॉट एअर आणि सोल्डरिंगचं जोड-यंत्र ३,५०० ला, आणि भिंग, मॅट, पट्टा १,२०० ला. सगळं मिळून १०,२०० रुपये. कर्ज काढून टेबल मांडू नका. कर्जाचं टेबल पहिल्याच महिन्यात अवघड कामाला हात घालायला लावतं आणि तिथेच गिऱ्हाईकाचा फोन मरतो.

आमचा एक साधा महिना वहीतून वाचतो. २६ फोन आले, ९,४०० रुपये जमा झाले. सुट्या भागांचे ४,६०० गेले. चिपळूणच्या फेऱ्या आणि वीज ७००. राहिले ४,१००. लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बरं सुटतं. थांबा. दोन फोन परत आले, त्यांना पदरचे भाग घालून दिले, ६०० गेले. राहिले ३,५००. आणि दोघांचे मिळून ५२ तास लागले. म्हणजे तासाला ६७ रुपये. कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्यांची मजुरी धरा म्हणून आपण भांडतो. मग आपल्याच टेबलावर ती फुकट का धरायची? हा हिशेब धरला म्हणून आम्हाला कळलं की या धंद्यात भाव कमी करून चालत नाही. दातकोरण्याच्या कामालाही ओळखपाळख न बघता पन्नास रुपये घेतो. निदानाचे ते पैसे आहेत. (कालच्या दादांकडून घेतले नाहीत, त्यांची भाकरी खाल्ली होती.)

या ३,५०० वर घर चालत नाही. पण ते दर महिन्याला येतात, पाऊस पडो न पडो, आणि रोजच्या दोन तासांत येतात. शेती सोडून यावर बसेल तो फसेल. शेतीच्या रिकाम्या वेळात बसवेल त्याला मीठ-मिरचीचा, शाळेच्या वह्यांचा आधार होईल.

शेवटची गोष्ट वहीची. प्रत्येक फोन घेताना मालकाचं नाव, गाव, काय बिघडलं, पडद्याला तडा आहे का, हे त्याच्या समोर लिहायचं. फोन चालू असेल तर *#06# दाबायचं, पंधरा आकडी नंबर येतो तो लिहायचा. अनोळखी माणूस फोन विकायला आणेल तर तोच नंबर KYM लिहून, एक जागा सोडून, 14422 वर पाठवायचा, फोनची माहिती येते. चोरीचा फोन टेबलावर सापडला तर पोलिसांपुढे वहीच बोलते. आणि कुणी तो पंधरा आकडी नंबर बदलून मागितला, हजार रुपये देतो म्हणाला, तर त्याला ओसरीवरूनच परत पाठवा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

भावांनो, जेवणानंतर आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूला बसणार आहोत. ज्यांचे फोन चार्ज होत नाहीत त्यांनी घेऊन या. मीटर आम्ही आणला आहे, दातकोरणीही आणली आहेत. पण एक अट आहे. मीटर तुम्ही लावायचा, आकडा तुम्ही वाचायचा, आणि काय झालं असेल ते आधी तुम्ही सांगायचं.

एवढं बोलून थांबतो.